ठिबकच्या ट्रेनिंगच्या स्लाईड्स: फोटो जास्त, शब्द कमी, आणि सोळा ग्लास

प्रश्न: आमच्या शेतकरी सहकारी समितीत (इंदूरजवळ, सांवेर साईडला) ठिबकचं ट्रेनिंग घ्यायचंय. पन्नासेक लोक येतील, दीड तास आहे, प्रोजेक्टर आहे. बऱ्याच जणांकडे ड्रिप आधीच आहे पण "चलती नहीं" म्हणून गुंडाळून ठेवलीय. अर्ध्या लोकांना नीट वाचता येत नाही. फोटो जास्त आणि शब्द कमी अशी स्लाईड्सची आऊटलाईन कशी करू?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ते "चलती नहीं". बाकी सगळं बाजूला ठेवा आणि दीड तास फक्त त्याच्यावर घाला. ठिबकचे फायदे, पाण्याची बचत, सबसिडी, कुठल्या पिकाला किती अंतर, हे सगळं एका बैठकीत कोंबायचा मोह होतो, पण ज्याच्या घरी नळ्यांचं भेंडोळं पडलंय त्याला फायदे सांगून काय करणार, पैसे त्याने आधीच घातलेत. त्याला हवंय ते एवढंच की शेवटच्या झाडाला पाणी का पोचत नाही हे स्वतःचं स्वतः कसं ओळखायचं. म्हणून माझी आऊटलाईन एकाच प्रश्नाभोवती आहे: पहिल्या ड्रीपरला आणि शेवटच्या ड्रीपरला पाणी सारखं पडतंय का, आणि नसेल तर चूक कुठे आहे. बारा-तेरा स्लाईड पुरतात, त्यापेक्षा जास्त करू नका.

आधी फोटोंबद्दल थोडं, कारण सगळं त्याच्यावरच आहे. कंपनीच्या कॅटलॉगमधले चकचकीत फोटो आणि इंटरनेटवरचे विदेशी शेतांचे फोटो अजिबात नकोत, तुमच्याच समितीतल्या दोन-तीन जणांच्या शेतात जाऊन मोबाईलने काढा, आपल्या गावची काळी माती आणि ओळखीचा पंप दिसला की लोक सरळ होऊन बघतात. मोबाईल आडवा धरायचा, ऊन डोक्यावर यायच्या आत काढायचे, आणि छोट्या वस्तूचा फोटो असेल तर बाजूला हात किंवा नाणं ठेवायचं म्हणजे ती केवढी आहे ते कळतं. चूक आणि बरोबर असे जोडीचे फोटो एकाच जागेवरून, एकाच अंतरावरून काढा, नाहीतर लोक फरक बघायचा सोडून दुसरंच काहीतरी बघतात. शब्द हिंदीतच ठेवा, दोन-तीनच, आणि अक्षर एवढं मोठं की शेवटच्या रांगेतनं दिसेल. आणखी एक, टायपिंग कृतिदेवमध्ये करू नका, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की सगळी अक्षरं भलतीच दिसतात. युनिकोडमध्ये करा आणि शेवटी पीडीएफ करूनच पेनड्राईव्हवर न्या. पार्श्वभूमी पांढरी ठेवा, कारण समितीच्या हॉलमध्ये खिडक्यांना पडदे नसतात आणि दिवसा गडद फोटो भिंतीवर दिसतच नाहीत.

पहिली स्लाईड, शब्द शून्य. एकाच नळीवरची दोन झाडं, एक वॉल्वजवळचं आणि एक शेवटचं, त्याच दिवशी काढलेले फोटो शेजारी शेजारी. टोमॅटो किंवा मिरची असेल तर फरक चटकन दिसतो. हा फोटो लावून तुम्ही गप्प बसा, विचारा फक्त "क्या दिख रहा है?" आणि थांबा. कोणीतरी म्हणेल खत कमी पडलं, कोणी म्हणेल बी खराब, कोणी म्हणेल आखिरी में पानी नहीं गया. सगळं ऐकून घ्या, उत्तर देऊ नका. त्यांनी जे कारण मनात धरलं तेच पुढे तासभर ते तपासत बसतात.

दुसरी स्लाईड पाण्याच्या वाटेची. इथे फोटो नको, हाताने काढलेलं चित्र हवं, बोअर, पंप, फिल्टर, मेन पाईप, सबमेन, बारीक नळ्या, शेवटची बंद केलेली टोकं, आणि या सगळ्यातनं जाणारी एकच निळी रेघ. कंपनीच्या आकृतीत पंधरा भागांची नावं असतात, ती सगळी काढून टाका. या चित्रावर फक्त चार ठिकाणी लाल गोल करा: फिल्टर, सबमेनचं टोक, बारीक नळीचं टोक, आणि ड्रीपर. घाण या चार जागी अडकते आणि पुढच्या स्लाईड्स याच क्रमाने जातात. प्रत्येक नव्या स्लाईडच्या कोपऱ्यात हेच चित्र छोटं करून लावा आणि आत्ता ज्या जागेबद्दल बोलतोय तेवढाच गोल लाल ठेवा, वाचता न येणाऱ्या माणसालाही आपण कुठे आहोत ते कळत राहतं.

तिसरी आणि चौथी फिल्टरच्या. तिसरीत जाळी बाहेर काढलेली, एका बाजूला घाण धरलेली आणि एका बाजूला धुतलेली, बस. चौथीत प्रेशर गेजचे फोटो, आणि इथे थोडा वेळ घ्या. फिल्टरच्या आधी एक काटा आणि नंतर एक काटा, दोन्हीतला फरक म्हणजे फिल्टरने किती प्रेशर खाल्लं. आधी १.५ आणि नंतर १.३ असेल तर फिल्टर ठीक आहे. आधी १.५ आणि नंतर ०.९ असेल तर ०.६ किलो फिल्टरमध्येच गेलं, ते पुढे नळीपर्यंत पोचणारच नाही. फरक ०.५ किलोच्या वर गेला की धुवायचं, स्लाईडवर फक्त दोन काट्यांचे फोटो आणि "फर्क ०.५ = धोना" एवढंच. पण खरी अडचण अशी की निम्म्या शेतांत दुसरा गेज नसतोच, किंवा असतो तो बंद पडलेला असतो आणि काटा पाणी बंद असतानाही १ वर उभा असतो. त्यासाठी सोपा उपाय आहे, गेज एकच चांगला घ्यायचा आणि दोन्ही जागी निप्पल ठेवून तोच गेज आळीपाळीने लावायचा. यात फायदा असा की गेजमध्ये थोडी चूक असली तरी दोन्हीकडे सारखीच येते, म्हणून फरक बरोबरच निघतो. हा गेज हॉलमध्ये हातात द्या, फिरवू द्या.

पाचवी स्लाईड टोक उघडण्याची, तीन फोटोंची पट्टी. नळीचं टोक उघडल्याबरोबर येणारं तपकिरी पाणी, थोड्या वेळाने गढूळ, आणि मग स्वच्छ. शब्द: "साफ होने तक". इथे क्रम नक्की सांगा, कारण सगळी गडबड क्रमातच होते. आधी फिल्टर धुवायचा, मग सबमेनचं टोक उघडायचं, आणि सगळ्यात शेवटी बारीक नळ्या. उलटं केलं तर सबमेनमधला गाळ नुकत्याच साफ केलेल्या नळ्यांमध्ये जाऊन बसतो. आणि सगळ्या नळ्यांची टोकं एकदम उघडायची नाहीत, चार-पाच चार-पाच करून उघडायची, सगळी एकदम उघडली तर प्रत्येक नळीतनं पाणी हळूच वाहतं आणि तळाला बसलेला गाळ हलतच नाही. हे सांगताना लोक मान डोलावतात पण शेतात जाऊन सगळी टोकं एकदमच उघडतात, म्हणून याचाही जोडीचा फोटो लावा, एकीकडे मुतखडा झाल्यासारखी बारीक धार, दुसरीकडे जोरात उडणारी धार.

सहावी स्लाईड म्हणजे चिरलेला ड्रीपर. इनलाईन नळीचा तुकडा ब्लेडने उभा चिरा, आतला ड्रीपर उघडा करा आणि जवळनं फोटो काढा. तीन तुकडे हवेत: एकात पांढरा कडक थर, एकात तपकिरी किंवा हिरवट बुळबुळीत, आणि एकात नुसती माती. मालव्यातलं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे, बादलीला पांढरं पुट धरतं तेच इथे ड्रीपरच्या बारीक वाटेत धरतं. पांढरा थर क्षाराचा आहे की नाही हे ओळखायला त्याच्यावर पातळ ॲसिडचा एक थेंब टाकायचा, फेस आला की क्षारच. फेस आला तर ॲसिडने निघेल, बुळबुळीत असेल तर ॲसिडने फार काही होत नाही, त्याला क्लोरीन लागतं, आणि माती असेल तर दोन्ही वाया, फिल्टर आणि टोकं बघा. लोक दुकानातनं ॲसिड आणून काहीही न बघता ओततात, म्हणून ही स्लाईड गाळू नका. खरे चिरलेले तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातोहात फिरवलेत तर उत्तम.

आता मुख्य स्लाईड, सातवी, आणि हिच्यासाठीच मी एवढं लिहितोय. सोळा पारदर्शक ग्लास, शेतात ठेवलेत तसेच चार ओळी आणि चार रांगांत मांडून वरनं काढलेला एकच फोटो. पद्धत अशी: एका वॉल्वखालच्या चार नळ्या निवडायच्या, पहिली, शेवटची आणि मधल्या दोन. प्रत्येक नळीवर चार जागा, सुरुवात, एक तृतीयांशावर, दोन तृतीयांशावर आणि टोक. प्रत्येक ड्रीपरखाली माती थोडी खोदून ग्लास ठेवायचा, आणि वॉल्व चालू करून प्रेशर स्थिर झाल्यावर बरोबर ३ मिनिटं पाणी जमा करायचं. ताशी ४ लिटरचा ड्रीपर असेल तर ३ मिनिटांत २०० मिली पडायला हवं, ताशी २ लिटरचा असेल तर १००. माणसं चार लागतात, एकेका नळीवर एक, आणि मोबाईलवर टायमर.

उदाहरण म्हणून एक अर्धा एकराचा वॉल्व धरू, टोमॅटो, नळ्या दीड मीटरवर, ड्रीपर अर्ध्या मीटरवर, ताशी ४ लिटरचे. आकडे समजावण्यासाठी घेतलेत. पहिल्या नळीवर २००, १९५, १९०, १८५ मिली. दुसरीवर १९५, १९०, १८०, १७०. तिसरीवर १९०, १८०, १६५, १४०. शेवटचीवर १८०, १६०, १३०, आणि टोकाला ९०. सगळ्यांची बेरीज २७४०, म्हणजे सरासरी १७१. सगळ्यात कमी चार ग्लास म्हणजे ९०, १३०, १४० आणि १६०, त्यांची सरासरी १३०. १३० भागिले १७१ म्हणजे ७६ टक्के. ९० टक्क्यांच्या वर फार छान, ८० ते ९० चांगलं, ७० ते ८० म्हणजे काम काढावं लागेल, त्याखाली पीक नक्कीच उंचसखल दिसणार.

पण हे गणित हॉलमध्ये लिहू नका, पाण्यानेच करून दाखवा. कमी पडलेले चार ग्लास एका उभ्या सरळ बरणीत ओता आणि पाणी कुठवर आलं तिथे मार्करने खूण करा, आपल्या उदाहरणात ५२० मिली. मग हे पाणी आणि बाकीच्या बारा ग्लासांचं पाणी एका बादलीत एकत्र करा, आणि ते तशाच चार बरण्यांत सारखं वाटून घ्या, प्रत्येकीत ६८५ मिली येईल. आता खुणेची बरणी आणि यातली एक बरणी शेजारी ठेवा. भरलेल्या बरणीच्या पाण्याच्या उंचीचे दहा सारखे भाग करून कागदाची पट्टी चिकटवा आणि तीच पट्टी खुणेच्या बरणीला लावून बघा, खूण साडेसातच्या जराशी वर येते. नवव्या रेघेच्या वर असेल तर काही करायचं नाही, आठच्या खाली असेल तर काम आहे. भागाकार येत नसलेला माणूसही हे घरी करू शकतो, आणि आठव्या स्लाईडवर बरोबर हाच फोटो, दोन बरण्या आणि दहा रेघांची पट्टी, एकही शब्द नाही. बरण्या मात्र बाजूने सरळ हव्यात, खाली निमुळत्या असतील तर रेघा खोट्या ठरतात.

नऊ, दहा आणि अकरा या तिन्ही स्लाईडवर सोळा ग्लासांचेच फोटो, पण तीन वेगळ्या नमुन्यांचे, कारण कमी पाणी कुठे पडतंय यावरनं आजार कळतो. आपल्या उदाहरणासारखं टोकाकडे उतरत जात असेल तर आधी संशय टोकात साठलेल्या गाळावर आणि कमी प्रेशरवर. म्हणून फिल्टर, सबमेन, टोकं या क्रमाने साफ करून पुन्हा सोळा ग्लास ठेवायचे. सुधारलं तर गाळच होता. सगळं साफ करूनही उतार तसाच राहिला तर नळी लांब पडतेय किंवा पाईप बारीक आहे, हा डिझाईनचा दोष आहे आणि धुऊन जाणार नाही, तिथे वॉल्व दोन भागांत करावा लागतो. दुसरा नमुना, सगळेच ग्लास सारखे पण सगळेच अर्धे, म्हणजे ड्रीपर ठीक आहेत, मागेच प्रेशर कमी आहे, फिल्टर चोक असेल नाहीतर एकाच वेळी जास्त वॉल्व उघडे असतील. आपल्या उदाहरणातल्या अर्ध्या एकरात अडीच हजारांच्या वर ड्रीपर बसतात आणि ते ताशी साधारण पावणेअकरा हजार लिटर पाणी मागतात, ज्याचा बोअर तेवढंच देतो त्याने पूर्ण एकर एकदम चालू केला तर सगळेच ग्लास अर्धे राहणार. तिसरा नमुना, मधनंमधनं एखादा ग्लास जवळजवळ रिकामा आणि शेजारचा भरलेला, कुठलाही उतार नाही. हे ड्रीपर आतनं बंद झालेत, तिथे नळी कापून सहाव्या स्लाईडसारखं बघायचं की पांढरं आहे की बुळबुळीत. या तीन स्लाईडवर मी आधी फोटो दाखवून लोकांनाच ओळखायला लावतो, तीन वेळा केलं की चौथ्यांदा ते एकमेकांना सांगायला लागतात.

बारावी स्लाईड ॲसिडच्या सुरक्षेची, आणि तिच्यावर मात्र फक्त "क्या करना, क्या नहीं करना" दाखवा. एक चित्र, पाण्याच्या बादलीत ॲसिड ओततोय, हिरवी खूण. दुसरं, ॲसिडच्या बादलीत पाणी ओततोय, लाल फुली, कारण ते उसळून अंगावर येतं. तिसरं, ॲसिडचा डबा आणि ब्लीचिंग पावडरची पिशवी एकत्र, मोठी लाल फुली, दोन्ही मिसळलं की क्लोरीनचा विषारी वायू निघतो, एकाच दिवशी दोन्ही नळीत सोडायचंच नाही. मात्रा स्लाईडवर लिहू नका, ती प्रत्येकाच्या पाण्याप्रमाणे बदलते आणि कोणीतरी फोटो काढून शेजाऱ्याला पाठवणार.

मात्रा शेतात बसून काढायची असते. त्याच बोअरचं १० लिटर पाणी बादलीत घ्यायचं, थोडं थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकत पीएच पेपरने बघत जायचं आणि पीएच ४ वर आला की किती मिली लागलं ते मोजायचं. समजा ६ मिली लागलं. आपला वॉल्व ताशी १०,७०० लिटर घेतो, म्हणजे पाव तासात २,६७५ लिटर, त्याला साधारण १.६ लिटर ॲसिड होतं. हे फिल्टरच्या नंतरच्या पाईपमध्ये सोडायचं म्हणजे फिल्टरच्या लोखंडी भागाला लागत नाही, आणि शेवटच्या ड्रीपरवर पीएच पेपर ४ दाखवेपर्यंत सोडायचं. मग बंद करून रात्रभर, फार तर २४ तास तसंच ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी टोकं उघडून धुऊन काढायचं. हातमोजे, चष्मा, वारा पाठीमागून, आणि समितीतला एक माणूस शिकवून ठेवा जो प्रत्येकाच्या शेतात पहिल्यांदा स्वतः हजर राहील. जो थर पूर्ण बंद होऊन वर्षभर वाळलाय तो ॲसिडने निघत नाही, कारण ॲसिड त्या ड्रीपरमधनं वाहूच शकत नाही, तिथे नळीच बदलावी लागते, हे लोकांना आधीच सांगा.

दीड तासाचं वाटप करताना स्लाईड्सना पाऊण तास आणि उरलेला वेळ बाहेर शेतात द्या. जवळ चालू असलेलं ठिबक कोणाचं आहे ते आधी बघून ठेवा आणि शेतीची लाईट त्या वेळेला असणार आहे का हे लाईनमनला विचारून घ्या, नाहीतर सोळा ग्लास हातात घेऊन सगळे उभे राहतील. गुंडाळून ठेवलेलं एखादं भेंडोळंही मागवा आणि तिथेच जोडून त्याचे सोळा ग्लास काढा, ज्याचं आहे त्याने स्वतः ओळखायचं की तीनपैकी कुठला नमुना आहे.

शेवटची स्लाईड कॅलेंडरची, तीन ओळी. सूर्याचं चित्र आणि फिल्टर, म्हणजे रोज गेज बघणं. चंद्राची अर्धी कोर आणि नळीचं टोक, म्हणजे पंधरा दिवसांनी टोकं उघडणं. रोपाचं चित्र आणि ग्लास, म्हणजे प्रत्येक पिकाच्या सुरुवातीला सोळा ग्लास. ही स्लाईड व्हॉट्सॲपवर पाठवाच पण छोट्या फ्लेक्सवर छापूनही द्या आणि पंपाच्या खोलीत आतल्या बाजूला, स्टार्टरच्या शेजारी लावायला सांगा, बाहेर लावलं की उन्हाने एका सीझनमध्ये रंग उडतो.